स्मार्ट प्लग, कॅमेरा वायफायवरून सारखे सुटतायत? आधी सिग्नल कमी आहे की चॅनलवर गर्दी आहे ते ओळखा

प्रश्न: वाकडला सातव्या मजल्यावर टू बीएचके आहे. राउटर हॉलमध्ये टीव्ही युनिटच्या आत. गीझरचा स्मार्ट प्लग दिवसातून कधीही ऑफलाइन जातो, आणि किचनमधला स्मार्ट स्विच व हॉलच्या बाल्कनीतला कॅमेरा रात्री आठनंतर हमखास अडकतात. मोबाईलवर नेट मात्र फास्ट. राउटर रिस्टार्ट केला की थोडा वेळ बरं चालतं. नवीन राउटर घेऊ का?

उत्तर:

नवीन राउटर लगेच घेऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तरी दोन वेगवेगळे प्रॉब्लेम दिसतायत. गीझरचा प्लग वेळकाळ न बघता जातो, तिथे बहुतेक सिग्नलच पोचत नाहीये. कॅमेरा आणि किचनचा स्विच फक्त रात्री त्रास देतात, म्हणजे तिथे सिग्नल असणार पण चॅनलवर, म्हणजे वायफाय ज्या लेनमधून बोलतं तिथे, गर्दी होतेय. दोन्हीचा इलाज वेगळा आहे, आणि घोळ असा की एकाचा इलाज दुसऱ्यावर केला तर कधीकधी प्रकरण वाढतं. उदाहरणार्थ, गर्दीचा प्रॉब्लेम असताना लोक पंधराशे-दोन हजाराचा एक्स्टेंडर आणतात, तो त्याच चॅनलवर तेच बोलणं परत एकदा बोलतो आणि गर्दी अजून वाढवतो.

मोबाईलवर नेट फास्ट आहे याचा इथे काही उपयोग नाही. मोबाईल बहुतेक ५ गिगाहर्ट्झवर असतो आणि प्लग, स्विच, बल्ब, स्वस्तातले कॅमेरे यांच्यात जी चिप असते ती बहुतेक फक्त २.४ गिगाहर्ट्झवालीच असते. एकाच राउटरमधले हे दोन वेगळे रेडिओ आहेत, एकाची तब्येत बघून दुसऱ्याची कळत नाही.

आता पहिली गोष्ट. अॅपमध्ये "Offline" दिसलं म्हणजे वायफाय तुटलं असं धरून चालू नका. त्याचा अर्थ एवढाच की कंपनीच्या सर्व्हरला डिव्हाइस दिसत नाहीये. मधे नेट गेलं असेल, सर्व्हर झोपला असेल, काहीही. म्हणून घरातल्या घरात पिंग करून, म्हणजे डिव्हाइसला हाक मारून उत्तर येतं का ते बघायचं. राउटरच्या पेजवर किंवा अॅपमध्ये जोडलेल्या डिव्हाइसची लिस्ट असते, त्यात प्लगचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मिळेल. लॅपटॉप राउटरला लॅन केबलने जोडा, केबल नसेल तर राउटरजवळ बसून ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. हे मुद्दाम सांगतोय, कारण लॅपटॉपच २.४ वर असला तर लॅपटॉप ते राउटर आणि राउटर ते प्लग असे दोन्ही टप्पे त्याच गर्दीतून जातात आणि दोष कोणाचा ते कळत नाही. मग विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडून हे चालू ठेवा (आयपी तुमच्याकडचे टाका):

```
ping -t 192.168.1.1
ping -t 192.168.1.35
```

पहिला राउटरचा, दुसरा डिव्हाइसचा. राउटरचा पिंग एक-दोन मिलिसेकंदात सुरळीत येतोय आणि डिव्हाइसचा गळतोय, तर दोष राउटर ते डिव्हाइस या टप्प्यात आहे. दोन्ही सुरळीत आणि तरी अॅपमध्ये ऑफलाइन, तर वायफायच्या मागे लागू नका, नेट किंवा कंपनीचा सर्व्हर बघा. डिव्हाइसचा पिंग शंभर-दोनशे मिलिसेकंद वरखाली होत असेल तर घाबरू नका, ही चिप वीज वाचवायला मधेमधे डुलकी घेते, ते नॉर्मल आहे. बघायचं ते पिंग गळतो किती आणि गळताना काय लिहून येतं. `Request timed out` म्हणजे डिव्हाइस अजून जोडलेलं आहे पण पॅकेट हरवतायत. `Destination host unreachable` लागोपाठ यायला लागलं, आणि ते तुमच्या लॅपटॉपच्याच आयपीवरून येतंय असं दिसलं, तर डिव्हाइस नेटवर्कवरून पार गायब झालंय. गर्दीत बहुतेक पहिला प्रकार दिसतो, तुरळक तुरळक, मधेच पाच-सहा लागोपाठ. सिग्नल कमी असला की थोडा वेळ पहिला आणि मग दुसरा. काही डिव्हाइस पिंगला उत्तरच देत नाहीत, आणि ती गेस्ट नेटवर्कवर असतील तर राउटर मधे अडवतो, तेवढं आधी तपासून घ्या.

अजून एक. डिव्हाइस बरोबर तासाला किंवा बरोबर चोवीस तासांनी, घड्याळ लावल्यासारखं जात असेल तर तो रेडिओचा प्रॉब्लेम नाही, राउटरमधला सिक्युरिटीची किल्ली बदलायचा किंवा आयपीची मुदत संपायचा टायमर आहे. तुमचं तसं दिसत नाही म्हणून त्यात शिरत नाही.

मग सिग्नल मोजा. बऱ्याच प्लग-स्विचच्या अॅपमध्ये डिव्हाइस इन्फर्मेशन किंवा नेटवर्क चेकच्या आत डीबीएम या मापात सिग्नलचा आकडा मिळतो. तो मायनसमध्ये असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. माझा अंदाज असा: मायनस ६५ पर्यंत काही काळजी नाही, ७० च्या आसपास चालतं पण काठावर, ७५ च्या पुढे गेलं की गळती सुरू, ८० च्या पुढे चालतंय तेच नशीब. आकडे दिसायला जवळजवळ वाटतात पण दर १० डीबीला सिग्नल दहापट कमी होतो, त्यामुळे ६८ आणि ७८ मध्ये खूप अंतर आहे. अॅपमध्ये आकडा नसेल तर मोबाईलला २.४ ला जोडून डिव्हाइसच्या अगदी शेजारी धरा आणि वायफाय अॅनालायझर अॅपमध्ये बघा, पण त्यातून पाच ते दहा डीबी वजा धरा कारण प्लगमधला अँटेना म्हणजे सर्किट बोर्डवरची बोटाच्या पेराएवढी तांब्याची नागमोडी रेघ असते आणि वरून ती भिंतीला चिकटलेली. आयफोनवर असली अॅप चालत नाहीत, तिथे `AirPort Utility` घेऊन फोनच्या सेटिंगमध्ये त्याचा `Wi-Fi Scanner` चालू करावा लागतो.

आता गर्दी. २.४ चा पट्टा मुळात अरुंद आहे. आपल्याकडे चॅनल १ ते १३ दिसतात पण ते एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि एक वायफाय साधारण २० मेगाहर्ट्झ जागा खातं. त्यामुळे एकमेकांवर न चढणारे असे तीनच धरायचे, १, ६ आणि ११. टॉवरमध्ये वर, खाली, शेजारी, समोर अशा सगळ्यांचे राउटर याच तीन जागांसाठी भांडत असतात. विंडोजवर बघायचं तर आधी टास्कबारमधलं वायफायचं चिन्ह दाबून लिस्ट ताजी होऊ द्या, मग कमांड प्रॉम्प्टमध्ये:

```
netsh wlan show networks mode=bssid
```

लोकेशन चालू करायला सांगेल, करा. प्रत्येक नेटवर्कसमोर चॅनल आणि सिग्नलची टक्केवारी येते. टक्क्याचं डीबीएम करायचं तर निम्मे करा आणि शंभर वजा करा, म्हणजे ५० टक्के म्हणजे मायनस ७५. नुसती नेटवर्कची संख्या मोजू नका. वीस राउटर गप्प बसले असतील तर फरक पडत नाही आणि एकाच राउटरवर कोणी रात्रभर मोठं डाउनलोड लावलं तर चॅनल भरून जातो. विंडोज ११ मध्ये काही राउटरच्या खाली `Channel Utilization` अशी ओळ येते, तिच्यात कंसातल्या टक्क्यात चॅनल किती वेळ व्यापलेला आहे ते कळतं, आणि खरा आकडा तो. हे सगळं रात्री साडेआठ-नऊला बघायचं, जेव्हा त्रास होतो तेव्हा. लोक रविवारी सकाळी निवांत बसून स्कॅन करतात आणि म्हणतात चॅनल तर मोकळा आहे.

रिस्टार्टनंतर थोडा वेळ बरं चालतं त्याचंही कारण बहुतेक इथेच आहे. राउटर `Auto` वर असेल तर सुरू होताना तो आजूबाजूला ऐकतो आणि त्या क्षणी कमी गर्दीचा वाटेल तो चॅनल घेतो. थोड्या वेळाने तिथेही गर्दी होते. काही राउटर मग चालू असतानाच चॅनल बदलतात, तसं बदलताना जोडलेल्यांना आधी सूचना देतात, मोबाईल ती पाळतो पण स्वस्त चिपवाले प्लग पुष्कळदा ती सूचना ऐकतच नाहीत आणि जुन्या चॅनलवर राउटरची वाट बघत बसतात. त्यात भर म्हणून ऑटोवाला राउटर १२ किंवा १३ वर गेला तर काही डिव्हाइसना तो दिसतच नाही, कारण अमेरिकेच्या सेटिंगवर बनलेली डिव्हाइस ११ च्या पुढे बघत नाहीत.

म्हणून राउटरमध्ये २.४ च्या पानावर जाऊन दोन गोष्टी करा. चॅनल `Auto` वरून काढून १, ६, ११ पैकी रात्री सगळ्यात कमी व्यापलेला दिसेल तो पक्का करा. आणि `Channel Width` `20/40` किंवा `40` असेल तर `20 MHz` करा. ४० वर तुमचा राउटर पट्ट्याचा मोठा भाग अडवतो, म्हणजे शेजाऱ्यांचा जास्त गोंधळ तुमच्याच अंगावर येतो, आणि प्लगला तर "चालू हो, बंद हो" एवढंच ऐकायचंय, त्याला स्पीड काय करायचाय. ३ किंवा ८ मोकळा दिसतोय म्हणून तिथे जायचा मोह होईल, जाऊ नका. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं ऐकून पाळीपाळीने बोलतात, अर्धवट चढलेल्या चॅनलवरचं बोलणं मात्र त्यांना समजत नाही, तो नुसता गोंगाट होतो. रेशनच्या रांगेत शेवटी उभं राहिलं तर उशिरा का होईना नंबर लागतो, दोन रांगांच्या मधे घुसलेल्याचा कुठेच लागत नाही आणि वर दोन्ही रांगा ओरडतात.

पण खरं सांगू का, टॉवरमध्ये चॅनल बदलून मिळतं त्यापेक्षा जास्त मिळतं ते स्वतःची गर्दी काढून. स्मार्ट टीव्ही, लॅपटॉप, मुलांचा टॅब हे सगळं २.४ वरून हलवा. रात्री आठनंतर त्रास सुरू होतो यात शेजाऱ्यांइतकाच तुमच्या टीव्हीचाही हात असू शकतो. राउटरवर दोन्ही बँड एकाच नावाने असतील (`Smart Connect` किंवा `Band Steering` असं काहीतरी लिहिलेलं असतं) तर ते बंद करून नावं वेगळी करा. इथे एक गोष्ट सांभाळा, जुनं नाव आणि जुना पासवर्ड २.४ ला राहू द्या आणि नवीन नाव ५ ला द्या. उलट केलंत तर घरातला प्रत्येक बल्ब आणि प्लग स्टुलावर चढून परत पेअर करत बसावं लागेल. टीव्ही राउटरच्या शेजारीच आहे, त्याला सरळ लॅन केबलच लावा. आणि राउटरच्या मागे यूएसबी ३ वाली हार्ड डिस्क जोडलेली असेल तर काढून बघा, यूएसबी ३ चा गोंगाट २.४ मध्येच येतो. मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात चालतो, किचनचा स्विच बरोबर जेवण गरम करायच्या वेळेलाच जात असेल तर उत्तर समोरच आहे.

एवढं झाल्यावर कॅमेरा आणि किचनचा स्विच सुधारायला हवा. गीझरला याने फारसा फरक पडणार नाही, त्याचं वेगळं बघावं लागेल.

राउटर टीव्ही युनिटच्या आत आहे ना, तिथेच निम्मा सिग्नल मेला. टीव्हीच्या मागे पत्रा असतो, बाजूला सेट टॉप बॉक्स, वर लाकडी फळी. मग आरसीसीचा कॉलम, मग बाथरूमच्या टाइल्स, आणि शेवटी गीझर स्वतः, म्हणजे पाण्याने भरलेली लोखंडी टाकी, तिच्या मागे किंवा फॉल्स सीलिंगच्या वर तुमचा प्लग. पाणी २.४ चा सिग्नल शोषतं आणि धातू परतवतो, त्यामुळे टाकीच्या आडोशाला काहीच पोचत नाही. लोक अशा वेळी राउटरची पॉवर वाढवायला बघतात. त्याने प्लगला राउटर जोरात ऐकू येईल, पण प्लगचं उत्तर राउटरपर्यंत परत यायला हवं आणि त्याचा आवाज आहे तेवढाच राहतो. मोबाईलवर चार कांड्या दिसतात आणि प्लग तरी ऑफलाइन, हे कोडं बहुतेक असंच असतं.

फुकटचा उपाय आधी करा. राउटर युनिटमधून बाहेर काढून टीव्हीच्या बाजूला, डोक्याच्या उंचीला, शक्यतो पॅसेजकडे तोंड असलेल्या भिंतीवर लावा. फायबरची पिवळी वायर दुमडू नका, मोठ्या गोलाईत वळवा, कमी पडली तर केबलवाल्याला बोलवा, ओढाताण करून तिचं टोक बिघडवलंत तर नेटच बंद पडेल.

ठाण्यातल्या एका फ्लॅटचं सांगतो, जवळजवळ तुमच्यासारखंच होतं. राउटर टीव्हीमागे, ऑटोवर, ४० मेगाहर्ट्झ, चॅनल ९ वर जाऊन बसलेला. बाल्कनीतल्या कॅमेऱ्याला सिग्नल मायनस ५८, म्हणजे छान, तरी रात्री नऊला पाचातला एक पिंग गळत होता आणि सकाळी मात्र एकही नाही. सिग्नल सकाळ-संध्याकाळ तोच आणि गळती फक्त रात्री, यापेक्षा स्पष्ट गर्दी काय असणार. उलट गीझरचा प्लग मायनस ८१ वर, सकाळी पण गळत होता आणि बाथरूमचं दार लावलं की गायबच. चॅनल १, रुंदी २०, टीव्हीला केबल आणि मोबाईल सगळे ५ वर, एवढ्याने कॅमेऱ्याची गळती शंभरात एखादीवर आली. गीझर तिथेच. राउटर युनिटमधून वर काढला तेव्हा ८१ चे ७४ झाले, दिवसा चालायला लागला, पण दार लावल्यावर अजून मधेच जायचा. मग लॉफ्टवर पडलेला जुना राउटर पॅसेजमध्ये, बाथरूमच्या दाराच्या वर लावला, केबल स्कर्टिंगच्या कडेने नेली, आणि आकडा ६० च्या आत आला. त्यानंतर तक्रार नाही.

जुना राउटर असा लावायचा असेल तर केबल नवीन राउटरच्या लॅन पोर्टमधून जुन्याच्या लॅन पोर्टमध्येच, वॅन पोर्टमध्ये नाही. त्याआधी जुन्यात जाऊन डीएचसीपी, म्हणजे आयपी वाटायचं काम, बंद करा आणि त्याचा आयपी बदला, मुख्य राउटर `192.168.1.1` असेल तर याला `192.168.1.2` द्या, नाहीतर दोघं एकाच आयपीवरून भांडतात आणि घरभर नेट जातं. २.४ चं नाव, पासवर्ड आणि सिक्युरिटी दोन्हीकडे सेम ठेवा, सिक्युरिटी `WPA2-PSK` आणि `AES`. चॅनल मात्र वेगळे द्या, एक १ वर असेल तर दुसरा ६ किंवा ११ वर. आणि हे झाल्यावर प्लगची वीज एकदा बंद-चालू करा, कारण ही डिव्हाइस एकदा ज्याला चिकटली त्यालाच मरेपर्यंत धरून ठेवतात, शेजारी चांगला सिग्नल आला तरी आपणहून तिकडे जात नाहीत.

केबल अजिबातच नेता येत नसेल तर एक्स्टेंडर चालेल, पण तो बाथरूममध्ये नाही लावायचा. त्याला स्वतःला राउटर नीट ऐकू यायला हवा, म्हणजे मायनस ६० ते ६५ मिळेल अशा जागी, साधारण अर्ध्या वाटेवर. शक्यतो ड्युअल बँड घ्या, म्हणजे राउटरशी तो ५ वर बोलेल आणि प्लगशी २.४ वर. सिंगल बँडवाल्यात प्रत्येक पॅकेट त्याच चॅनलवर दोनदा जातं, तुमच्या टॉवरमध्ये ते परवडणार नाही. मेश, म्हणजे घरभर लावायच्या एकमेकांशी जोडलेल्या डब्यांचा सेट, त्याचंही असंच आहे, चांगलं असतं पण त्याचे डबे बहुतेक २.४ वर एकाच चॅनलवर असतात, त्यामुळे टू बीएचकेत तीन डबे लावून फायदा कमी आणि गर्दी जास्त. तुमच्या घराला दोन पुरे.

यातलं एका वेळी एकच बदला आणि निदान दोन रात्री पिंग बघा. सगळं एकदम बदललं तर कशाने सुधारलं कळत नाही, आणि चार महिन्यांनी शेजारी नवीन राउटर आला की परत पहिल्यापासून शोधाशोध. कारण चॅनल पक्का केला म्हणजे कायमचं झालं असं नाही, वर्षातून एक-दोनदा रात्रीचा स्कॅन करावाच लागतो. क्वचित तिन्ही चॅनल रात्री सत्तर-ऐंशी टक्के भरलेले दिसतात, तिथे २.४ वर कितीही खेळलात तरी कॅमेरा अडकणारच. तसं निघालं तर कॅमेरा बदलून ५ गिगाहर्ट्झवाला किंवा लॅन केबलवाला घ्या. प्लग-स्विचचं बोलणं इतकं थोडं असतं की ते बहुतेक तरीही तगतात.

गीझरबाबत एक वेगळं सांगतो. त्याचं बंद होणं वायफायच्या भरवशावर ठेवू नका. काही प्लग टायमर स्वतःमध्ये साठवतात, काही दर वेळी सर्व्हरकडून हुकूम यायची वाट बघतात. तुमचा कुठला आहे ते असं कळेल: दहा मिनिटांनी बंद व्हायचा टायमर लावा, राउटरचा स्विच बंद करा, आणि दहा मिनिटांनी प्लग बंद होतो का बघा. झाला नाही तर सिग्नल सुधारला तरी तो प्लग गीझरला ठेवू नका, टायमर स्वतःमध्ये असणारा १६ अँपिअरचा घ्या.